ड्युएट विभागाचा नियम बदला : रील स्पर्धेच्या संयोजन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सभासद,
रील स्पर्धा संयोजन समिती, सांगली

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या स्पर्धेची नियमावली आपण गेल्या आठवड्यात जाहीर केली. त्यातला ड्युएट विभागाचा, म्हणजे दुसऱ्याच्या क्लिपशेजारी आपला व्हिडिओ जोडून केलेल्या रीलच्या विभागाचा, नियम मी तीनदा वाचला. 'स्पर्धक कोणत्याही निर्मात्याची क्लिप वापरू शकतो. कॅप्शनमध्ये मूळ क्लिपचा उल्लेख केल्यास वेगळ्या परवानगीची आवश्यकता नाही. स्पर्धेत आलेल्या सर्व व्हिडिओंचे हक्क समितीकडे राहतील.' गेल्या वर्षी हा नियम लेखी नव्हता, नुसती रीत होती. त्या रीतीचा फटका मला आणि माझ्यापेक्षा जास्त एका कारागिराला बसला. मी तेव्हा आपल्याला भेटून सगळं सांगितलं होतं. त्यानंतरही तीच रीत आपण नियम म्हणून छापलीत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. समितीचं नाव मी घातलेलं नाही. अशा स्पर्धा जिल्ह्यात आणखीही भरतात आणि त्यांच्या संयोजकांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

मी मिरजेत गाणं शिकवते. घरी सकाळ-संध्याकाळ मिळून वीसेक मुलं येतात. माझे तानपुरे ज्यांच्याकडे दुरुस्तीला जातात त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. सतारमेकर गल्लीतल्या जुन्या घरांपैकी त्यांचं एक. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या दिवशी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. ते जवारी काढताना मी मोबाइलवर एक क्लिप केली. हे पत्र त्या क्लिपबद्दल आहे.

जवारी म्हणजे काय, हे वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, आणि ते कळल्याशिवाय माझी तक्रार कळणार नाही. तानपुऱ्याच्या तारा ज्या चपट्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर हलकेच घासत राहते आणि त्या घासण्यातून तानपुऱ्याचा तो भरलेला, गुंजत राहणारा आवाज निघतो. रोज वाजवून वाजवून तारेखाली घोडीला बारीक खाच पडते. मग आवाज चिरका होतो, नाहीतर बसून जातो. कारागीर कानशीनं तो माथा पुन्हा घासतो, तार चढवतो, छेडून ऐकतो, उतरवतो, परत घासतो. मापपट्टी नाही, सगळं कानावर. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज नेमका जागेवर आणतो. एका तानपुऱ्याला कधी अख्खी दुपार जाते.

चाचा कॅमेऱ्याला तयार नव्हते. खूप विनवल्यावर एका अटीवर हो म्हणाले. "बिघडलेला आवाज एकटा कुणाला ऐकवायचा नाही. ऐकवशील तर बरा झालेलाही त्याच्याच मागे." मी शब्द दिला. क्लिप बावन्न सेकंदांची झाली. पहिली चौदा सेकंदं माझ्या जुन्या तानपुऱ्याचा कचकचीत आवाज, मग चोवीस सेकंदं कानस आणि चाचांची बोटं, आणि शेवटची चौदा सेकंदं दुरुस्त झालेला तोच तानपुरा, त्यावर मी लावलेला षड्ज. दोन्ही टोकं मी मुद्दाम सारख्या लांबीची ठेवली. कुणाचं नाव, दुकान, दर काही घातलं नाही. तीही चाचांचीच इच्छा.

गेल्या वर्षी आपल्या ड्युएट विभागात दुसरं बक्षीस मिळालेल्या व्हिडिओत डाव्या बाजूला माझी पहिली चौदा सेकंदं होती. उजव्या बाजूला एक मुलगा कानात बोटं घालून तोंड वाकडं करत होता. वर ठळक अक्षरांत 'मिरजेचा तानपुरा ऐकलाय का?' व्हिडिओ तिथेच संपत होता. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'क्रेडिट : मूळ मालकास'. नाट्यमंदिरात बक्षीस समारंभाच्या वेळी तो मोठ्या पडद्यावर लागला आणि सभागृह हसलं. मी तिथे माझ्या तीन विद्यार्थिनींसह बसले होते.

त्या मुलावर माझा राग नाही. तो एकोणीस वर्षांचा आहे. नंतर घरी येऊन चाचांच्या पाया पडून गेला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम आपलं होतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी : आपण उल्लेखाला परवानगी समजता आहात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात चित्रित केलेला व्हिडिओ ही स्वतंत्र कृती आहे. ती तयार करणाऱ्याचा हक्क ती तयार होताच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. मोबाइलवर काढली म्हणून ती कमी ठरत नाही. तिचा भाग वापरायचा तर मालकाची परवानगी लागते, आणि कलम ३० प्रमाणे ती लेखी हवी. नाव छापलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. शेजारच्याची सायकल न विचारता नेली आणि हँडलला त्याच्या नावाची चिठ्ठी लावली, तर ती विचारून नेलेली होत नाही. त्यातही 'मूळ मालकास' हा उल्लेखच नव्हे. मालक कोण हे लिहिणाऱ्याला माहीत नाही किंवा सांगायचं नाही, एवढंच त्यातून कळतं.

ही गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक इथेच उभं केलं. आजही सांगलीतला कुठलाही हौशी संघ राज्य नाट्य स्पर्धेत उतरताना लेखकाचं परवानगीपत्र जोडतो. प्रवेशिकेबरोबर ते द्यावं लागतं हे आपल्या समितीतल्या तिघांना तरी पक्कं ठाऊक आहे, कारण ते स्वतः त्या स्पर्धेत उतरलेले आहेत. अडीच तासांच्या नाटकाला जे लागतं ते बावन्न सेकंदांच्या क्लिपला का लागू नये, हे मला समजावून सांगा.

भेटीत आपण म्हणालात, "ॲपमध्येच बटण दिलंय, मग परवानगी कसली?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. ड्युएट हा शब्द ज्या ॲपनं आपल्याकडे रुजवला ते जून २०२० मध्ये भारतात बंद झालं. शब्द राहिला. इन्स्टाग्रामवर २०२१ मध्ये तेच 'रीमिक्स' नावानं आलं, यूट्यूब शॉर्ट्सवरही रीमिक्सचं बटण आहे. या बटणातून केलेल्या व्हिडिओवर मूळ खात्याचं नाव ॲपच लावतं. त्या नावावर बोट ठेवलं की मूळ क्लिपवर जाता येतं. म्हणजे ज्याला माझी चौदा सेकंदं ऐकून शंका आली, तो एका बोटानं माझ्या उरलेल्या अडतीस सेकंदांपर्यंत पोहोचतो. इन्स्टाग्रामवर रीमिक्स द्यायचं की नाही हे मला सेटिंगमध्ये ठरवता येतं. मी ते सुरू ठेवलं असेल तर त्या ॲपच्या आत, त्या बटणातून ड्युएट करायला मी वाव दिला आहे हे मला मान्य आहे. बटणातून ड्युएट करणाऱ्या कुणालाही मी कधी अडवलेलं नाही.

पण ती मोकळीक बटणापुरतीच आहे. तो व्हिडिओ डाउनलोड करून नाट्यमंदिराच्या पडद्यावर लावणं, त्याला रोख बक्षीस देणं, दुसऱ्या ॲपवर चढवणं, जाहिरातीत घालणं, यातलं काहीही त्या मोकळिकीत येत नाही. आणि आपल्या स्पर्धेतला तो व्हिडिओ मुळात बटणातून झालाच नव्हता. तो स्क्रीन रेकॉर्डिंग होता.

हे कसं ओळखायचं ते परीक्षकांसाठी लिहिते, कारण गेल्या वर्षी तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. बटणातून केलेल्या रीमिक्सवर मूळ खात्याचं नाव दाबता येतं. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये नाव असलंच तर ते चित्राचा भाग असतं, त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. मूळ चौकटीच्या कडा कापलेल्या असतात, कारण तिथे मूळ ॲपची चिन्हं आणि खात्याचं नाव आलेलं असतं. कापता आलं नाही तर त्यावर स्टिकर किंवा रंगीत पट्टी बसवलेली असते. माझ्या क्लिपच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर एक फुलाचा स्टिकर होता, त्याखाली माझं नाव होतं. चित्र दोनदा दाबलं गेल्यानं बारीक रेषा विरघळतात. मूळ क्लिपमध्ये चाचांच्या कानशीचे दाते मोजता येतात, बक्षीसपात्र व्हिडिओत ती नुसती करडी पट्टी दिसते. शेवटची खूण आवाजाची. व्हिडिओच्या खाली जिथे ध्वनीचं नाव येतं तिथे दुसऱ्याचा आवाज असूनही 'मूळ ऑडिओ' म्हणून स्पर्धकाचंच नाव दिसलं, तर क्लिप बाहेरून आणून चढवलेली आहे असं समजा.

ही शेवटची खूण माझ्या दुसऱ्या तक्रारीकडे नेते. क्लिप नव्यानं चढवली की तिचा आवाज चढवणाऱ्याच्या नावावर लागतो. पुढे कुणीही तो आवाज उचलला की श्रेय त्या नावाकडे जातं. बक्षिसामुळे तो व्हिडिओ फिरला आणि महिन्याभरात माझ्या तानपुऱ्याचा तो कचकचीत आवाज एकसष्ट व्हिडिओंवर होता. मी एकेक मोजले. कुठे मांजर, कुठे बंद पडलेली दुचाकी, कुठे सासूबाईंवरचा विनोद. एकावरही माझं नाव नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे 'मिरजेचा तानपुरा' हे शब्द मात्र त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंवर राहिले होते. एक मूळ व्हिडिओ काढून टाकता येतो. एकसष्ट लोकांनी उचललेला आवाज मागे घ्यायचा तर एकसष्ट ठिकाणी जावं लागतं.

मी गेले. ॲपवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो. त्यात माझ्या क्लिपचा दुवा, त्यांच्या व्हिडिओचा दुवा, कृती माझी आहे आणि मी हे खरं सांगते आहे असं निवेदन, आणि खाली पूर्ण नाव. सुदैवानं मूळ फाइल माझ्या मोबाइलमध्ये तारखेसकट होती, त्यामुळे काय कुठून कापलं हे दाखवता आलं. बक्षीसपात्र व्हिडिओ त्या खात्यावरून निघाला. आपल्या समितीच्या पेजवरचा मात्र तसाच राहिला. तो काढण्यासाठी मी आपल्याला दोन मेल केले. उत्तर आलं, 'व्हिडिओचे हक्क समितीकडे आहेत.'

तिसरी तक्रार त्या उत्तराची. स्पर्धकानं आपल्याला हक्क लिहून दिले असतील. पण माझी चौदा सेकंदं त्याची नव्हतीच. जे त्याच्याकडे नव्हतं ते तो आपल्याला देऊ शकत नव्हता, आणि आपण ते पुढे कुणाला देऊ शकत नव्हता. तरीही आपण दिलंत. आपल्या एका प्रायोजकानं तो व्हिडिओ आपल्याकडून घेऊन इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या जाहिरातीत वापरला. पैसे भरून तो आजूबाजूच्या गावांत दाखवला. चाचांच्या हातचं काम त्यांच्याच पोटावर पाय देणाऱ्या जाहिरातीत गेलं. पुण्याहून एका गायिकेचा त्यांना फोन आला, "तुमच्याकडचे तानपुरे आता असे वाजतात का?" तिनं सांगितलेलं काम थांबवलं. चाचांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त पुढचे सात महिने दुकानात कॅमेरा काढायचा नाही, एवढं सांगितलं. त्या सात महिन्यांत त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सतारीची दांडी बदलली. तसं काम आता क्वचित येतं. त्याची एकही नोंद झाली नाही.

आणि इथे परवानगीचा असा एक पदर आहे जो नियमावलीत कुणीच धरत नाही. क्लिपची मालकी माझी, पण क्लिपमध्ये दिसतात ते चाचा. त्यांनी मला परवानगी दिली ती माझ्या कामापुरती, एका अटीसकट. मी ती तिसऱ्याला वाटू शकत नाही. म्हणून ज्याला माझी क्लिप हवी त्यानं मला विचारलं तर मी चाचांना विचारीन, आणि ते नको म्हणाले तर माझंही उत्तर नको असेल. श्रेयाचंही तसंच. सगळ्यांनाच नाव झळकलेलं हवं असतं असं नाही. चाचांना नाव नको होतं. उत्साही मुलं शोधून काढून ते लिहितात आणि त्याला श्रेय म्हणतात. श्रेय कसं द्यायचं हेही विचारूनच ठरतं.

चौथी तक्रार अर्थ बदलल्याची. कायद्यात यासाठी वेगळी तरतूद आहे आणि ती हक्क विकले तरी निर्मात्याकडेच राहते. कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे असं सांगण्याचा, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाल्यास ती रोखण्याचा अधिकार निर्मात्याला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३८ब नं तसाच अधिकार गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही दिला. आपल्यातले एक वकील सभासद मला म्हणाले की वेळेत बसवण्यासाठी केलेली काटछाट त्यात येत नाही. बरोबर आहे, कलम ३८ब मध्येच तसं स्पष्टीकरण दिलेलं आहे. कुणी माझ्या बावन्न सेकंदांतून कानशीची दहा सेकंदं गाळली असती तर मी बोललेच नसते. इथे आजाराचं चित्र ठेवलं आणि उपचार कापला. वर लिहिलं की मिरजेचा तानपुरा म्हणजे हा. वेळ कमी पडली म्हणून असं होत नाही.

आता दुसरी बाजू, कारण माझं म्हणणं ड्युएट बंद करा असं मुळीच नाही. कुणाच्याही क्लिपवर बोलायला दर वेळी परवानगी लागावी असं कायदाही म्हणत नाही. टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचं वृत्त देण्यासाठी कृतीचा रास्त वापर करता येतो, कलम ५२ मध्ये ती मोकळीक आहे. ती महत्त्वाची आहे आणि टिकायलाच हवी. मागे कोल्हापूरच्या एका सतारियानं माझ्या याच क्लिपवर ड्युएट केला. दुरुस्त झालेला आवाज ऐकवून तो म्हणाला, "जवारी जास्त खुली ठेवली आहे, बाईंच्या आवाजाला थोडी बंद जवारी शोभली असती." मग स्वतःच्या तानपुऱ्यावर दोन्ही वाजवून दाखवली. त्यानं मला विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. माझ्या कामाबद्दल तो बोलत होता, बोलण्यापुरतंच घेत होता, आणि ते ऐकून माणूस माझी क्लिप टाळणार नव्हता, उलट शोधणार होता. मी आणि चाचांनी ते चार वेळा ऐकलं. चाचा म्हणाले, "पोरगा बरोबर बोलतोय."

एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाचा वाद १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे आला होता. तेव्हा न्यायालयानं साधारण हेच तपासलं : टीकेच्या मानानं मूळ किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि नवी कृती जुनीच्या बाजारात तिच्याशी स्पर्धा करेल का. प्रतिनाटकात मूळ नाटकाचा बराच भाग घेतलेला होता, तरी न्यायालयाचा कल त्याच्या बाजूनं गेला, कारण घेतलेलं सगळं त्या नाटकावर बोलण्यासाठी होतं. हेच तीन प्रश्न आपल्या परीक्षकांच्या हाती देता येतील. कानात बोटं घालणारा व्हिडिओ त्यांत बसत नाही. त्यात माझ्या क्लिपबद्दल एक शब्द नव्हता, माझा आवाज फक्त विनोदाला लागणारा गोंगाट म्हणून आणला होता.

यातच मुलांमध्ये पसरलेली एक समजूत मोडायला हवी. 'पाच सेकंदांपर्यंत चालतं', 'पंधरापर्यंत कॉपीराइट लागत नाही' असं ती ठामपणे सांगतात. भारतीय कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. यूट्यूब शॉर्ट्सवर दुसऱ्याच्या व्हिडिओचा तुकडा कापून घ्यायची सोय आली तेव्हा ती एक ते पाच सेकंदांची होती, बहुधा त्यावरून हा आकडा पसरला असावा. ती त्या ॲपमधल्या साधनाची मर्यादा आहे. चाचांच्या बाबतीत तर चौदा सेकंदंही खूप झाली.

माझ्या मागण्या चार आहेत.

नियमावलीतला तो नियम मागे घ्या. त्याऐवजी लिहा की ड्युएट ॲपच्या रीमिक्स बटणातूनच केलेला असावा, आणि स्क्रीन रेकॉर्ड केलेल्या किंवा डाउनलोड केलेल्या क्लिपला मूळ निर्मात्याची लेखी परवानगी जोडलेली असावी. त्या क्लिपवरच टीका किंवा समीक्षा असेल तर परवानगी नको, पण मूळ निर्मात्याचं नाव आणि क्लिपचा दुवा हवा. परीक्षकांनी प्रत्येक ड्युएटची मूळ क्लिप पूर्ण पाहिल्याशिवाय गुण देऊ नयेत. साठ प्रवेशिका असतील तर तासाभराचं काम वाढेल.

पडद्यावर दाखवायचं, बक्षीस द्यायचं किंवा प्रायोजकाला द्यायचं असेल तर बटणाची मोकळीक पुरत नाही. त्यासाठी स्पर्धकानं आणि समितीनं मिळून मूळ निर्मात्याला विचारावं. हे अवघड नाही. मोबाइलवरचा मेसेज पुरेसा आहे, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मानतो. मी माझ्या विद्यार्थ्यांना जो नमुना दिला आहे तो इथे देते, हवा तर तसाच छापा :

'नमस्कार. तुमच्या अमुक तारखेच्या क्लिपमधली सुरुवातीपासून अमुक सेकंदं मला माझ्या ड्युएटमध्ये वापरायची आहेत. मी शेजारी काय करणार आहे ते सोबत पाठवलं आहे. तो व्हिडिओ अमुक स्पर्धेत जाईल, तिथे पडद्यावर दाखवला जाईल आणि बक्षीस मिळू शकेल. जाहिरातीत वापरला जाणार नाही. क्लिपमध्ये दिसणाऱ्या व्यक्तींचीही हरकत नाही ना? तुमचं नाव कसं लिहू, आणि आणखी कुणाचं लिहायचं की नाही लिहायचं? तुमचं हो आल्याशिवाय मी व्हिडिओ टाकणार नाही.'

यातलं 'काय करणार आहे ते सोबत पाठवलं आहे' हे वाक्य गाळू नका. त्या मुलानं मला तेवढं पाठवलं असतं तर मी त्याला तिथेच म्हणाले असते, "शेवटची चौदा सेकंदंही घे आणि मग खुशाल कर." त्याचा विनोद कदाचित आणखी चांगला झाला असता. आधी कानात बोटं, मग तीच बोटं सावकाश बाहेर. उत्तर आलं नाही तर ते नाही समजायचं, हेही मुलांना स्पष्ट सांगा. दोन दिवस थांबून 'काही बोलले नाहीत म्हणजे हो' असं धरणारे बरेच आहेत.

श्रेय पडद्यावर, क्लिप चालू असेपर्यंत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत आणि निर्मात्यानं सांगितलेल्या नावानं असावं, आणि कॅप्शनच्या पहिल्या ओळीत पुन्हा. पाचव्या कमेंटमध्ये नको. 'मूळ मालकास' लिहिलेली प्रवेशिका थेट परत करा.

आणि हक्कांचं ते शेवटचं वाक्य काढा. आपल्याला स्पर्धेच्या पेजवर वर्षभर व्हिडिओ दाखवायचा असेल तर तेवढीच परवानगी मागा. स्पर्धकांचे सगळे हक्क आपल्याला कशासाठी हवेत? गेल्या वर्षी ते कशाला लागले हे आपण पाहिलंच आहे.

जुन्या प्रकरणात मला आपल्याकडून पैसे नकोत. मुलाचं बक्षीसही काढून घेऊ नका. आपल्या पेजवर अजून असलेला तो व्हिडिओ काढा, प्रायोजकाला दिलेली प्रत लेखी मागे घ्या, आणि त्याच पेजवर माझी क्लिप पूर्ण बावन्न सेकंदं लावा, चाचांचं नाव न घालता. त्यासाठी त्यांची आणि माझी परवानगी या पत्रानं दिली आहे. चाचांना हे पत्र मी वाचून दाखवलं आहे, त्यांनी दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले.

प्रवेशिका सुरू व्हायला अजून सतरा दिवस आहेत. बैठक ठेवलीत तर मी येईन, तानपुरा घेऊन येईन, आणि दोन्ही आवाज समोर बसून ऐकवीन.

आपली नम्र,
मिरजेतील एक गायन शिक्षिका